खटला टँपात, करार लंडनचा

समुद्रात तेलविहिरी खोदणारा 'चॅपराल' नावाचा एक मोठा मंच १९६७ च्या अखेरीस अमेरिकेतल्या लुइझियानाच्या किनाऱ्याला उभा होता. त्याला इटलीत, एड्रियाटिक समुद्रातल्या रावेन्नाजवळ न्यायचं होतं. मालक होती ह्यूस्टनची झपाटा ऑफ-शोअर कंपनी. (ही कंपनी थोरल्या जॉर्ज बुश यांनी उभी केली होती, राजकारणात उतरल्यावर १९६६ मध्ये आपला हिस्सा विकून ते बाहेर पडले.) अशा मंचाला स्वतःचे उंच पोलादी पाय असतात. विहिरीच्या जागी पोचलं की ते समुद्रतळापर्यंत खाली सोडायचे आणि त्यांच्या आधाराने मंच पाण्याबाहेर उचलायचा. प्रवासात मात्र हे पाय वर ओढून घेतलेले असतात आणि सगळं धूड एखाद्या ताकदवान बोटीला बांधून ओढत न्यावं लागतं.

झपाटाने दर मागवले. सर्वांत कमी दर जर्मनीच्या उंटरवेझर कंपनीचा आला. तिने आपल्या छापील नमुन्यातला करार पाठवला. त्यात एक ओळ अशी होती की, जो काही वाद उद्भवेल तो लंडनच्या न्यायालयापुढेच चालवला पाहिजे. शिवाय आणखी दोन कलमं होती, ज्यांचा मथितार्थ एवढाच की, ओढून नेल्या जाणाऱ्या मंचाचं नुकसान झालं तर बोटवाला जबाबदार नाही. झपाटाच्या उपाध्यक्षाने करार वाचला आणि काही ठिकाणी दुरुस्त्याही केल्या. या तीन कलमांना त्याने हात लावला नाही. दुरुस्त्या जर्मनांनी मान्य केल्या आणि सौदा पक्का झाला.

लंडन कशाला, असं कुणालाही वाटेल. एक पक्ष अमेरिकन, दुसरा जर्मन, माल निघाला इटलीला, आणि वाटेत इंग्लंडचा किनारासुद्धा लागत नाही. पण लंडन निवडण्याचं कारण नेमकं तेच होतं. तिथे दोघंही परके, त्यामुळे घरच्या मैदानाचा फायदा कुणालाच नाही. आणि जहाजांचे तंटे ऐकण्यात लंडनच्या न्यायाधीशांचं आयुष्य गेलेलं.

५ जानेवारी १९६८ रोजी उंटरवेझरची 'ब्रेमेन' ही बोट 'चॅपराल'ला घेऊन लुइझियानातल्या व्हेनिस या गावाहून निघाली. चार दिवसांनी, मेक्सिकोच्या आखाताच्या मध्यावर, कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या पाण्यात, तिला जबर वादळाने गाठलं. मंच इतका हेलकावला की वर उचलून ठेवलेले पाय मोडून समुद्रात पडले. झपाटाने ब्रेमेनला कळवलं की जवळचं बंदर गाठा. जवळचं बंदर होतं फ्लोरिडातलं टँपा.

१२ जानेवारीला, म्हणजे वादळाला तीन दिवस होतात न होतात तोच, झपाटाने टँपाच्या संघीय न्यायालयात पस्तीस लाख डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. प्रतिवादी दोन होते, उंटरवेझर कंपनी आणि खुद्द ब्रेमेन बोट. सागरी कायद्यात जहाजावरही दावा करता येतो. ब्रेमेन टँपाच्या धक्क्याला लागताच न्यायालयाच्या अधिकाऱ्याने ती जप्त केली. उंटरवेझरने पस्तीस लाखांचं तारण भरलं, तेव्हा कुठे बोट सुटली.

करारात लंडन लिहिलेलं असताना झपाटा टँपात का गेली? मंच तिथे, साक्षीदार जवळ, बोट हातात सापडलेली, ही कारणं खरीच. पण मुख्य कारण त्या दुसऱ्या दोन कलमांत होतं. बोटवाल्याने स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी करारातून झटकायची, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच बेकायदा ठरवलं होतं. इंग्लंडमध्ये मात्र अशी कलमं चालत. म्हणजे तोच करार, तेच वादळ आणि तेच मोडलेले पाय असूनही टँपात पस्तीस लाख मिळण्याची आशा होती आणि लंडनमध्ये बहुधा काहीच नाही. न्यायालय कुठलं, यावर कंपन्या वर्षानुवर्षं भांडताना दिसल्या की त्या दोन ठिकाणच्या कायद्यांत फरक नेमका कुठे आहे ते आधी बघावं. बहुतेक वेळा सगळं भांडण त्या फरकापोटीच चाललेलं असतं.

उंटरवेझरने टँपाच्या न्यायाधीशांना विनंती केली की दावा फेटाळा, निदान लंडनमध्ये निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवा. शिवाय फेब्रुवारीत तिने स्वतः लंडनमध्ये झपाटावर दावा लावला. झपाटाने तिथे हरकत घेतली. इंग्लिश अपील न्यायालयाने ती मानली नाही: तुम्ही लंडन कबूल केलं होतं, आता लंडनमध्ये या.

आता एकाच वादाचे दोन खटले दोन खंडांत सुरू झाले, आणि जर्मन कंपनी विचित्र कात्रीत सापडली. अमेरिकन कायद्यात जहाजमालकाला आपली जबाबदारी एका मर्यादेत आणून ठेवण्याची सवलत आहे, पण त्यासाठीचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. ही मुदत जुलैच्या सुरुवातीला संपत होती आणि टँपाचे न्यायाधीश मूळ विनंतीवर निर्णयच देत नव्हते. अर्ज केला नाही तर सवलत गेली. केला तर 'तुम्ही स्वतःच या न्यायालयात आलात की' असं ऐकून घ्यावं लागणार. २ जुलैला उंटरवेझरने नाइलाजाने अर्ज केला. २९ जुलैला, मुदत उलटून गेल्यावर, न्यायाधीशांनी खटला थांबवायला नकार दिला. पुढच्या जानेवारीत तर त्यांनी उंटरवेझरला लंडनमधला खटला पुढे नेण्याचीच मनाई केली. दोन्ही पक्षांनी सही करून निवडलेल्या न्यायालयात जायचं नाही, असा हुकूम एका अशा न्यायालयाने दिला, ज्याचं नाव करारात कुठेच नव्हतं.

टँपाच्या न्यायाधीशांवर चिडण्यात मात्र अर्थ नाही. अमेरिकेतली जुनी समजूतच तशी होती. न्यायालयाचा अधिकार कायद्याने दिलेला आहे, दोन खाजगी माणसांनी कागदावर सह्या करून तो काढून घ्यावा हे कसं चालेल? अपील न्यायालयातही चौदापैकी आठ न्यायाधीशांनी हेच उचलून धरलं.

१२ जून १९७२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी हे उलटवलं. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा एका फरकात आहे, आणि हा सगळा विषय समजायचा तर तो फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो. करार न्यायालयाचा अधिकार काढून घेत नाही. टँपाला खटला ऐकायचा अधिकार होताच, त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. प्रश्न एवढाच की, अधिकार असूनही न्यायालयाने तो वापरावा, की पक्षांनी दिलेला शब्द पाळून बाजूला व्हावं? बर्गर यांचं उत्तर होतं, बाजूला व्हावं. असं कलम सुरुवातीला वैधच धरायचं. ते पाळणं कसं अन्यायाचं होईल हे दाखवण्याचा भार ज्याला ते मोडायचंय त्याच्यावर, आणि तो भार जड आहे. फसवणूक झाली, दडपण आणलं, किंवा ठरलेल्या ठिकाणी खटला चालवणं इतकं अवघड की न्याय मिळण्याची वाटच बंद होते, असं काही सिद्ध झालं तरच सुटका. नुसती गैरसोय पुरेशी नाही. सही करताना ती दिसत होती.

यामागचा व्यापारी हिशोबही बर्गर यांनी मांडला. मंच आखातापासून एड्रियाटिकपर्यंत कुठेही मोडू शकला असता आणि बोट कुठल्याही बंदरात पकडली गेली असती. न्यायालय आधी ठरवलेलं नसेल तर खटला कुठे उभा राहील ते वादळ ठरवणार. आणि किंमत? ओढून नेण्याचा दर ठरताना नुकसानीचा धोका कुणी उचलायचा हे त्यात धरलेलं असणार, असं निकालात सुचवलं आहे. स्वस्त दर घ्यायचा आणि धोका झाला की दुसऱ्या देशाचा कायदा मागायचा, हे दोन्ही एकदम मिळत नाही.

एकटे न्यायमूर्ती डग्लस विरोधात राहिले. अमेरिकन कायद्याने दिलेलं संरक्षण एका ओळीने हातचं जातं, ही त्यांची तक्रार होती. दोन तालेवार कंपन्यांच्या बाबतीत मला ती पटत नाही. पण १९९१ मध्ये त्याच न्यायालयाने हाच नियम एका क्रूझच्या तिकिटाला लावला. वॉशिंग्टन राज्यातल्या एक प्रवासी बाई मेक्सिकोच्या किनाऱ्याबाहेर बोटीवर घसरून पडल्या, आणि तिकिटावरच्या बारीक अक्षरांमुळे त्यांना खटल्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला फ्लोरिडात जा असं सांगण्यात आलं. तिथे कसला उपाध्यक्ष करार वाचून दुरुस्त्या करतो? डग्लस यांची शंका इथे मात्र रास्त वाटते. युरोपच्या कायद्यात साध्या ग्राहकावर अशी कलमं सहसा लादता येत नाहीत, ते उगाच नाही.

ब्रेमेनच्या निकालाने एका देशातलं न्यायालय बाजूला व्हायला शिकलं. पण दुसऱ्या देशातलं शिकलं नाही तर? युरोपात याचा पुरा अनुभव आला. गासर ही ऑस्ट्रियन कंपनी रोमच्या मिझाट या कंपनीला लहान मुलांचे कपडे विकत असे. गासरच्या बिलांवर वाद ऑस्ट्रियातच चालेल असं छापलेलं होतं. संबंध बिघडल्यावर मिझाटने एप्रिल २००० मध्ये रोममध्ये आधी दावा लावून ठेवला. गासर डिसेंबरमध्ये ऑस्ट्रियात गेली. युरोपीय नियम होता, ज्या न्यायालयात दावा आधी लागला ते आपल्या अधिकाराचा फैसला आधी करणार, बाकीच्यांनी थांबायचं. इटलीतले खटले किती रेंगाळतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की करारात निवडलेलं न्यायालय असलं तरी त्याने थांबायचंच. मग देणेकऱ्यांना युक्तीच सापडली. पैसे बुडवायचे असतील तर आधी जाऊन रोम किंवा मिलानमध्ये दावा टाकून ठेवा, फैसला व्हायला वर्षं जातील, तोवर समोरचा थकून तडजोडीला येईल. वकिलांत या युक्तीला 'इटालियन टॉर्पेडो' असं नाव पडलं. अखेर जानेवारी २०१५ पासून नियम उलटा केला: करारात एकच न्यायालय निवडलेलं असेल आणि तिथे दावा लागला, तर इतरांनी थांबायचं, मग ती कितीही आधी सुरू झालेली असोत.

युरोपाबाहेरही असाच भरवसा निर्माण व्हावा म्हणून ३० जून २००५ रोजी हेग इथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. तो अमलात यायला २०१५ चा ऑक्टोबर उजाडला. त्यातले नियम तीन आणि ते तीन वेगवेगळ्या न्यायालयांना उद्देशून आहेत. निवडलेल्या न्यायालयाने 'दुसरीकडे जा, तिथे सोयीचं पडेल' असं म्हणायचं नाही, खटला ऐकायचाच. न निवडलेल्याने बाजूला व्हायचं. आणि हरलेल्याची मालमत्ता जिथे असेल तिथल्या न्यायालयाने आलेला निकाल मान्य करून वसुली करून द्यायची. ग्राहक आणि नोकरीचे करार यातून वगळलेले आहेत. प्रवासी आणि मालाची वाहतूकही वगळली आहे. संकटातल्या जहाजाला ओढून नेण्याचे आणि जहाजमालकाची जबाबदारी मर्यादित करण्याचे प्रश्नही बाहेरच ठेवलेत. ब्रेमेनसारखं ठरवून ओढून नेणं मात्र त्या यादीत नाही. युरोपीय संघ, ब्रिटन, सिंगापूर, मेक्सिको आणि २०२५ पासून स्वित्झर्लंड हे यातले काही सदस्य. अमेरिकेने २००९ मध्ये आणि चीनने २०१७ मध्ये सही केली, पण पुढची मंजुरी दिली नाही. भारताने सहीही केलेली नाही.

म्हणून आपल्याकडे हे सगळं आपल्या न्यायालयांनी घडवलेल्या नियमांवर चालतं. बिलाच्या तळाशी 'सब्जेक्ट टू पुणे ज्युरिस्डिक्शन' असं छापलेलं आपण रोज पाहतो. ते देशातल्या देशातलं कलम. त्याबद्दलचा आधारभूत निकाल मुंबईच्याच एका कंपनीच्या करारातून आला. गॅमन इंडियाच्या करारात मुंबईचंच न्यायालय असं कलम होतं, तरी कंत्राटदाराने वाराणसीत दावा लावला. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही त्याला तो पक्षांच्या सहीने मिळत नाही. पण दोन न्यायालयांना अधिकार असेल तर त्यातलं एक निवडायला कायद्याची हरकत नाही. कंत्राटदाराला मुंबईला यावं लागलं.

परदेशी न्यायालय निवडलं असेल तर? त्याचं उत्तर क्रिकेटमधून मिळालं. २००० च्या ऑक्टोबरात नैरोबीत आयसीसीची नॉकआउट स्पर्धा झाली. तिचं भारतातलं दूरदर्शनवरचं प्रक्षेपण करण्याचे हक्क मोदी एंटरटेनमेंट नेटवर्कने सिंगापूरच्या डब्ल्यूएसजी क्रिकेट या कंपनीकडून घेतले. करार इंग्लिश कायद्याखालचा, न्यायालय इंग्लंडचं. वाद झाल्यावर मोदी कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात भरपाईचा दावा लावला, तर सिंगापूरच्या कंपनीने लंडनमध्ये पैशासाठी. मग मोदी कंपनीने मुंबईत मागणी केली की समोरच्याला लंडनचा खटला चालवायला मनाई करा. टँपात घडलं तेच इथे घडू पाहत होतं. एका न्यायाधीशांनी मनाई दिली, खंडपीठाने ती उठवली, आणि २००३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं बरोबर ठरवलं. अधिकार नसलेल्या न्यायालयाला तो सहीने देता येत नाही, हा नियम भारतीय न्यायालयांपुरता आहे. दोन पक्षांनी त्रयस्थ म्हणून परदेशी न्यायालय निवडलं तर तो आड येत नाही. आणि आपणच निवडलेल्या न्यायालयात जायला मनाई मागणाऱ्याने असाधारण कारण दाखवलं पाहिजे.

या करारातल्या एका शब्दाकडे मात्र लक्ष हवं. इंग्लंडची निवड 'नॉन-एक्सक्लुझिव्ह' होती, म्हणजे इंग्लंड चालेल, पण इतर दारं बंद नाहीत. म्हणून मुंबईतला दावा करारभंग ठरला नाही. फक्त लंडन थांबवता आलं नाही. तिथे 'एक्सक्लुझिव्ह' असतं तर मुंबईत दावा लावणाऱ्यालाच आधी आपल्या कृतीचं समर्थन करावं लागलं असतं. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर हेग करार ते एकमेव न्यायालय आहे असं धरून चालतो. आपलं सर्वोच्च न्यायालयही देशांतर्गत करारांबाबत २०१३ मध्ये त्याच निष्कर्षाला आलं: कोलकात्याचं नाव घातलं आणि 'फक्त' हा शब्द राहिला, तरी अर्थ फक्त कोलकाता असाच.

आता समजा, पिंपरीच्या एका सुट्या भागांच्या कारखानदाराने सिंगापूरच्या व्यापाऱ्याशी करार केला, न्यायालय फक्त सिंगापूरचं, आणि भाग सदोष निघाल्याचा दावा तिथे तो हरला. मालमत्ता त्याची इथे, तेव्हा जिंकलेल्याला निकाल पुण्यात आणावा लागेल. सिंगापूर आणि ब्रिटन हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली भारताने अधिसूचित केलेले देश आहेत. तिथल्या वरिष्ठ न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जिल्हा न्यायालयात दाखल करायची, की तो इथलाच असल्यासारखी दरखास्त चालते. जर्मनी किंवा अमेरिका त्या यादीत नाही. न्यूयॉर्कचा निकाल घेऊन आलात तर त्याच्या आधारावर इथे नवा दावा लावावा लागतो, तोही तीन वर्षांच्या आत. करारात न्यायालय निवडताना त्याचा निकाल कुठे पोचतो ही बाजू बऱ्याचदा शेवटी आठवते, ती खरं तर आधी पाहायला हवी.

दोन्ही वाटांवर कलम १३ ची चाळण आहे. निकाल अधिकार असलेल्या न्यायालयाचा हवा. करारात सही करून ते न्यायालय मान्य केलेलं असलं की ही अट सहसा भागते. फसवणूक नको, नैसर्गिक न्यायाचा भंग नको. पण सगळ्यात जास्त हुकूमनामे अडखळतात ते एका अटीवर: निकाल वादाच्या गुणदोषांवर दिलेला हवा. पिंपरीच्या कारखानदाराने सिंगापूरचं समन्स येऊनही वकीलच दिला नाही, आणि तिथल्या न्यायालयाने पुरावा न पाहता, केवळ उत्तर आलं नाही म्हणून हुकूमनामा दिला, तर? २००१ मध्ये एका ब्रिटिश लोकर कंपनीने असाच एकतर्फी हुकूमनामा भारतात आणला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो गुणदोषांवरचा नाही म्हणून इथे अमलात आणायला नकार दिला.

म्हणून लंडन-सिंगापूरचे जाणते वकील भारतीय प्रतिवादी गैरहजर राहिला तरी आयता मिळणारा हुकूमनामा घेत नाहीत. ते करार, बिलं, पत्रव्यवहार आणि साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र न्यायाधीशांपुढे ठेवतात आणि कारणं लिहून निकाल द्या अशी विनंती करतात. त्यात काही महिने आणि बराच खर्च जास्त जातो, पण पुण्यात दरखास्त लावताना ती चार पानांची कारणमीमांसाच कामाला येते.